बल्ब उडतो आणि बॅटरीही उकळते

हेडलाइटचा बल्ब पुन्हा उडाला की बोट बल्बच्या दर्जाकडे जाते. बॅटरीच्या नळीतून अॅसिड ठिबकून खालचा रंग गेला की बॅटरी बदलली जाते. पण हे दोन्ही एकाच गाडीत एकाच सुमारास घडत असेल, तर दोघांना वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरवर, म्हणजे गॅरेजमधल्या आरआर युनिटवर, आधी संशय घ्यायला हवा. मॅग्नेटोचे व्होल्टेज रेस वाढवली की वाढतच जाते. त्याची एसी वीज डीसी करायची आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखायचे, हे आरआरचे काम. रोखण्याची बाजू निकामी झाली तर वीज बॅटरीपर्यंत पोहोचत राहते, गाडी सुरळीत चालते आणि म्हणूनच दोष लपून राहतो. व्होल्टेज मात्र सोळाच्या पुढे जाते. फिलामेंटला हे सोसत नाही. नुसते दहा टक्के जादा व्होल्टेज मिळाले तरी त्याचे आयुष्य जेमतेम एक-तृतीयांश उरते. बॅटरीत याच जादा व्होल्टेजने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. आपण ज्याला उकळणे म्हणतो ते बहुतांशी या वायूंचे बुडबुडे असतात. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून अशा बॅटरीजवळ ठिणगी किंवा विडी-काडी नको.

बॅटरीचा एखादा सेल शॉर्ट झाला तरी ती उकळते, हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा सहा सेलचे व्होल्टेज पाचांवर पडते. पण त्यामुळे गाडीचे एकूण व्होल्टेज वाढत नाही, म्हणून बल्ब उडत नाहीत. उलट खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बल्ब जातो, पण त्याने बॅटरी उकळत नाही. दोन्ही लक्षणांचा उलगडा जादा व्होल्टेजनेच होतो.

तरी खात्री मीटरनेच करावी. चार्ज असलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर लावा. आयडलिंगवर आकडा ठीक दिसला म्हणून थांबू नका, दोष रेस दिल्यावर उघड होतो. चार-पाच हजार आरपीएमला आकडा साडेचौदाच्या आसपास स्थिरावला तर युनिट काम करते आहे. पंधरा ओलांडून रेसबरोबर चढतच गेला तर नाही. काही युनिट तापल्यावरच फसतात, म्हणून गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून पुन्हा मोजावे. मात्र तेवढ्यावर नवे युनिट घेऊ नये. युनिटचे अर्थिंग गंजले असेल तर त्याला बॅटरीचे व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी भासते आणि ते जादा चार्ज करते. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि युनिटची अर्थ वायर यांच्यामध्ये मोजावे. शून्याच्या जवळपास आकडा हवा; अर्धा व्होल्ट दिसला तर आधी जोड घासून घट्ट करावा आणि चाचणी पुन्हा घ्यावी. युनिट बदलावेच लागले तर नवी बॅटरी आणि नवा बल्ब त्याच्यानंतर बसवावेत, आधी नाही.