३१ मेचा तोहफा : निवृत्त जोडप्यासाठी बॅग आणि कागदपत्रांचे पाकीट

आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्या पिढीतील असंख्य शिक्षक, कारकून आणि चालक आजही सरकारदरबारी १ जूनचेच आहेत. नोकरीचा नियम असा की, ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून राज्य सरकारी नोकर वयाच्या ५८ व्या वर्षी घरी जातात तेव्हा ३१ मे रोजी एकच गर्दी उसळते. जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथे त्या आठवड्यात शाली आणि भिंतीवरची घड्याळे हातोहात खपतात. पण ज्या जोडप्याच्या घरात आधीच चार घड्याळे आहेत आणि ज्यांना आता अजमेर, काश्मीर किंवा उमऱ्याला जायचे आहे, त्यांना प्रवासाच्या उपयोगाची वस्तू द्यावी. त्यासाठी आपल्या दुकानदारांनी व कारागिरांनी एप्रिलमध्येच माल तयार ठेवला पाहिजे.

प्रथम बॅगेचा विचार करू. शोरूममध्ये चार चाकांची कडक बॅग फार डौलदार दिसते. गुळगुळीत फरशीवर ती बोटाने ढकलता येते, पण उखडलेल्या डांबरावर आणि खडीवर तिची बारीक चाके लवकर तुटतात. चालत्या गाडीत ती आपोआप घरंगळते ते वेगळेच. साठीच्या माणसाला दोन मोठ्या, अर्धवट आत बसविलेल्या चाकांची कापडी बॅग बरी. विकण्यापूर्वी ती रिकामीच वजन काट्यावर ठेवावी. विमानात हातातील सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. बॅगच ३ किलोची असेल तर कपड्यांना ४ किलोच उरतात. नंतर तीत सामान भरून दांडा पूर्ण ओढावा आणि हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर पहिल्याच सफरीत वाकेल, असे समजावे. जोडप्याला एक मोठी बॅग देण्यापेक्षा दोन लहान द्याव्यात. एसटीच्या पायऱ्या चढताना मोठी बॅग कोणाच्यानेच उचलत नाही.

कारागिराची खरी कमाई मात्र कागदपत्रांच्या पाकिटात आहे. त्याचे माप कागदावरून ठरवावे. ए-४ कागद अर्धा दुमडला की १५ बाय २१ सेंटिमीटर होतो. रेल्वेचे तिकीट आणि डॉक्टरची चिठ्ठी त्यात येते. पासपोर्ट ९ बाय साडेबारा सेंटिमीटरचा असतो. तेव्हा मिटलेले पाकीट १७ बाय २४ सेंटिमीटर पुरते. त्यात दोन पासपोर्ट उभे शेजारी शेजारी बसत नाहीत. आडवे, एकावर एक असे दोन खिसे शिवावेत. वरचा मियाँचा, खालचा बीबीचा!

शिलाईची जागा धरून उघड्या पाकिटाला ३६ बाय २६ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. ३६ इंची, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कॅनव्हासातून सरळ कापणी केली तर सहाच तुकडे निघतात. तेच एका बाजूला तीन आडवे, त्याच्या शेजारी दोन-दोनच्या ओळीत चार उभे आणि त्यांच्याखाली उरलेल्या पट्टीत एक आडवा असे मांडले तर आठ निघतात. खडूने आखून पाहावे, मगच कात्री चालवावी. (नक्षी एका दिशेची असेल तर ही युक्ती चालणार नाही, साधे एकरंगी कापड घ्यावे.)

बाहेरून स्वस्त रेक्झिन लावू नये. जालन्याच्या उन्हात त्याचे पापुद्रे निघतात. आतल्या पारदर्शक खिशांना मऊ पीव्हीसीही नको, कारण झेरॉक्सची शाई त्याला चिकटते आणि कागद कोरा होत जातो. नवीन कागदपत्र दोन-तीन महिने आत राहिल्यावर हा दोष दिसतो, म्हणून दुकानात गिऱ्हाइकाला तो कळत नाही. फाईलींना वापरतात तो पॉलिप्रॉपिलीनचा पातळ, किंचित खरखरीत कागद घ्यावा.

आधार कार्डासाठी बाहेरच्या बाजूला वेगळा खिसा हवाच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पुरुषाला ते ६५ व्या वर्षापासून मिळते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत आहे. म्हणजे ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या साहेबांना सात वर्षे पूर्ण भाडे आणि बेगमसाहेबांना अर्धे. वाहकाने विचारल्यावर सगळे पाकीट उघडून पैसे-पासपोर्ट दाखवत बसण्याची वेळ येऊ नये. आतल्या शेवटच्या खिशात पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स राहू द्यावी, मूळ प्रत घरीच बरी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि नेमक्या त्याच थंडीच्या दिवसांत ही मंडळी सफरीवर असतात. त्या वेळी हा क्रमांक हाताशी लागतो.

पाकिटावर दोघांची नावे शिवून द्यायची असतील तर ऑर्डर १५ मेपर्यंतच घ्यावी. त्यानंतर लग्नसराईच्या कामामुळे भरतकामाचा कारागीर मिळत नाही.