गोळीचे नाव बदलले, दुकानदाराला काय लिहावे?

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दुकानात नसते. मग दुकानदार दुसऱ्या कंपनीची गोळी हातात ठेवतो आणि काहीच सांगत नाही. रुग्णही 'औषध तेच असेल' असे समजून घरी जातो. बहुतेक वेळा औषध खरोखरच तेच असते. तरीही न सांगता बदललेल्या नावामुळे काय होऊ शकते, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, मंगरूळ दस्तगीरकडचे एक पासष्टीचे शेतकरी काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी न्याहारीपूर्वी घेतात. जुन्या पाकिटात आठ गोळ्या उरल्या असताना ते धामणगावच्या बाजारात येतात आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेतात. या वेळी पाकिटाचा रंग वेगळा असतो आणि नावही वेगळे. काकांना वाटते, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली असावी. दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही घेऊ लागतात, म्हणजे २ ऐवजी ४ मिलिग्रॅम. दुपारी शेतात त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बोलणे असंबद्ध होते. ही रक्तातील साखर फार खाली गेल्याची लक्षणे आहेत.

रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. नंतर पोळी किंवा भात खाऊ घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. या गोळीचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकतो. वृद्धांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत तो आणखी लांबू शकतो. साखर एकदा वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठेवावे.

आता कायद्याकडे वळू. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ (११-अ) नुसार चिठ्ठीत अनुसूची 'एच' किंवा 'एक्स' मधील औषध असेल, तर त्याऐवजी दुसरी बनावट देता येत नाही, मग आतील घटक तोच का असेना. पाकिटावर अनुसूचीची सूचना छापलेली असते, ती वाचून पाहावी. मात्र डॉक्टरांनी कंपनीचे नाव न लिहिता फक्त मूळ औषधाचे नाव लिहिले असेल, तर कोणत्याही कंपनीचे तेच औषध देणे हा बदल ठरत नाही. तेव्हा तक्रारीपूर्वी आपली चिठ्ठी नीट पाहावी.

तक्रार रागाने नव्हे, मुद्देसूद लिहावी. मजकूर असा चालेल:

'मा. मालक, स.न.वि.वि. दि. ... रोजी बिल क्र. ... अन्वये आपल्या दुकानातून औषध घेतले. चिठ्ठीत ... हे नाव असताना ... हे देण्यात आले. बदल झाल्याचे आम्हाला सांगितले नाही आणि डॉक्टरांनाही विचारले नाही. रुग्णाने जुन्या व नव्या दोन्ही गोळ्या घेतल्याने त्यास त्रास झाला. बदल का केला, औषध कोणी दिले आणि त्या वेळी नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर होते काय, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. न फोडलेली पाकिटे परत घेऊन रक्कम द्यावी. कळावे.'

सोबत चिठ्ठी व बिल यांच्या झेरॉक्स जोडाव्यात, मूळ प्रती जवळ ठेवाव्यात. रिकामे पाकीटही फेकू नये, कारण बॅच क्रमांक, मुदत आणि कंपनी त्यावरच कळते. गोळ्या कापून सुट्या दिल्या असतील, तर बिलावर बॅच क्रमांक आहे का ते पाहावे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. खुलासा आला नाही, तर तीच प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या अमरावती कार्यालयाकडे पाठवावी. प्रत्यक्ष नुकसान झाले असेल व भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे.

बदल टाळता येत नसेल, तर दुकानदाराने डॉक्टरांना फोन करावा, त्यांची संमती मिळाल्यावर नवे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि 'ही त्या गोळीऐवजी आहे, दोन्ही घेऊ नका' हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. रुग्णानेही पाकिटावरचे बारीक अक्षरातील मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम जुन्या पाकिटाशी जुळवून पाहावे. नावापुढे 'एम' किंवा 'एसआर' अशी अक्षरे असतील तर अधिकच जपावे. 'एम' म्हणजे बहुधा सोबत मेटफॉर्मिन मिसळलेले, तर 'एसआर' म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. हे नुसते नाव बदलणे नव्हे, औषधच बदलणे आहे. अशी गोळी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नये.