उन्हातली दोन मिनिटं

शाळेच्या क्रीडादिनाची सकाळ घड्याळ लावून बघितली, तर प्राचार्यांच्या भाषणाची खरी अडचण लगेच ध्यानात येते. साडेसातला मुलं वर्गावार रांगेत उभी राहतात. पाहुण्यांची गाडी येईपर्यंत आठ वाजतात. मग स्वागत, ध्वजारोहण, संचलन, मानवंदना, मशाल, शपथ. परिचय, शाल, श्रीफळ. प्राचार्य ध्वनिक्षेपकासमोर येतात तेव्हा साडेआठ होऊन गेलेले असतात आणि चौथीतलं मूल तासभर उभं असतं. भाषण पाच मिनिटांचं असलं, तरी त्या मुलासाठी ती पहिली पाच मिनिटं नसतात, एकसष्टाव्यापासून पुढची असतात.

या उभं राहण्याचा शरीरावर होणारा परिणाम प्रत्येक प्राचार्यांना माहीत असायला हवा. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटऱ्यांच्या स्नायूंची मदत लागते. माणूस चालतो, हलतो, तेव्हा हे स्नायू आवळतात आणि सैल होतात, आणि रक्त वर चढत राहतं. सावधान स्थितीत गुडघे ताठ करून उभं राहिलं की हे काम मंदावतं. त्यात उन्हामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामाने पाणी कमी होतं. मेंदूकडे जाणारं रक्त घटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मूल कोसळतं. कोसळण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात: चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो, जांभया येतात. अशा मुलाला धरून उभं ठेवू नये. सावलीत आडवं करावं, पाय थोडे वर घ्यावेत, भोवतीची गर्दी हटवावी. न्याहारी न करता आलेली मुलं यात आधी सापडतात. म्हणूनच भाषण ऐकताना पायांची बोटं हलवणारी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देणारी मुलं बेशिस्त नसतात. त्यांचं शरीर जे करायला हवं तेच करत असतं. त्यांना मागून टपली मारणाऱ्या शिक्षकांना कुणीतरी थांबवायला हवं.

तेव्हा भाषणाचा पहिला शब्द ‘विश्राम’ असावा. व्यासपीठाची जागाही आदल्या दिवशीच ठरते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठच्या सुमारास सूर्य आग्नेयेकडे, बराच खाली असतो. व्यासपीठ मैदानाच्या पूर्वेला उभारलं, तर मुलं सगळा वेळ डोळे बारीक करून उभी राहतात आणि बोलणारा त्यांना काळ्या सावलीसारखा दिसतो. व्यासपीठ पश्चिमेला हवं, म्हणजे ऊन मुलांच्या पाठीवर येतं. डोळ्यांवर घ्यायचं ते मोठ्यांनी घ्यावं.

आवाजाचंही गणित आहे. मैदानाच्या दोन टोकांना दोन कर्णे बांधलेले असतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. एका कर्ण्याजवळ उभ्या असलेल्या मुलापासून दुसरा कर्णा सत्तर मीटर लांब असेल, तर त्याचा आवाज पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाने उशिरा पोचतो आणि शब्दावर शब्द चढतो. लांब, जोडवाक्यांचं भाषण अशा मैदानावर निव्वळ गोंगाट होऊन जातं. उपाय साधा आहे. वाक्य सहा-सात शब्दांचं करावं आणि प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबावं. या गतीने मिनिटाला फार तर ऐंशी-नव्वद शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांच्या भाषणाला दीडशे शब्द पुष्कळ झाले.

दीडशे शब्दांत सांगायचं काय? ‘जिंकणं महत्त्वाचं नाही, भाग घेणं महत्त्वाचं’ हे वाक्य बहुतेक भाषणांत असतंच. ते आलं कुठून, हे बघण्यासारखं आहे. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यजमान ब्रिटिश आणि अमेरिकन चमूंत वाद पेटले होते. रस्सीखेचीत लिव्हरपूलच्या पोलिसांनी घातलेल्या जड बुटांवरून अमेरिकनांनी तक्रार केली होती. अशा वातावरणात बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये खेळाडूंपुढे प्रवचन केलं आणि काही दिवसांनी पिएर द कुबर्तँ यांनी त्याचा आधार घेऊन तो विचार मांडला. म्हणजे हे बोल पराभूतांचं सांत्वन म्हणून नव्हे, जिंकण्यासाठी हमरीतुमरीवर आलेल्या निवडक, तयार खेळाडूंसमोर बोलले गेले. पाचवीतल्या ज्या मुलीला पळायचीच भीती वाटते, तिच्यासाठी ते तसंच्या तसं उचलून चालत नाही. शिवाय मुलं बघत असतात. विजेत्यांसाठी तीन पायऱ्यांचा मंच रंगवून ठेवलेला असतो, करंडक लाल कापडावर मांडलेले असतात. जिंकणं महत्त्वाचं नसेल तर हे सगळं कशाला, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

आपल्याकडच्या भाषणांत खाशाबा जाधवांचं नाव हमखास येतं. ते यावंच. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पण गोष्ट बहुधा 1952च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाचीच सांगितली जाते. त्याआधी चार वर्षं, 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, ते सहावे आले होते. सहाव्याला पदक नसतं. भाग घेण्याविषयी बोलायचं असेल, तर कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान परक्या देशातल्या मॅटवर सहावा आला, ही गोष्ट जास्त जवळची आहे. मात्र ‘सहावे आले आणि मग पदक मिळालं’ असं म्हटलं की तीही पुन्हा जिंकण्याचीच गोष्ट होते. दोन मिनिटांत ही गुंतागुंत सोडवता येत नाही, म्हणून मला वाटतं, भाषणात थोरांची उदाहरणं नकोतच. ती वर्गात सांगावीत. मैदानावर आजच्या दिवसाबद्दल बोलावं.

आजचा दिवस म्हणजे काय, ते एका वर्गापुरतं मोजून बघू. चाळीस मुलांचा वर्ग, आठ पट्टे आखलेलं मैदान, शंभर मीटरची धाव. आठ-आठच्या पाच फेऱ्या आणि मग एक अंतिम फेरी. बक्षिसं तीन. म्हणजे चाळिसांतली बत्तीस मुलं पंधरा-वीस सेकंद पळून घरी जाण्याची वाट बघत बसतात, आणि सदतीस जणांच्या हाती काही लागत नाही. भाषण या सदतीस जणांना उद्देशून हवं. असं एखादं भाषण मी इथे मांडून बघते:

‘मुलांनो, विश्राम. हातपाय सैल सोडा. मी दोनच मिनिटं बोलणार आहे.

शंभर मीटरच्या शर्यतीत आज आठ जण एका वेळी पळतील. पहिला नंबर एकाचाच येईल. आपला येणार नाही, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आत्ताच माहीत आहे. तरी तुम्ही नाव दिलंत. म्हणून मी आज खूश आहे.

शिट्टी झाली की पळा आणि रेषेपर्यंत पळा. पुढचा लांब गेला म्हणून मध्येच चालायला लागू नका. पडलात आणि लागलं, तर तिथेच बसा, हात वर करा. सर धावत येतील. रेषेपाशी मी उभी आहे. प्रत्येक शर्यतीत शेवटचा मुलगा, शेवटची मुलगी रेषा ओलांडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

बाहेर बसलेल्यांनी शेवटच्याचं नाव घेऊन ओरडायचं. हसायचं नाही.

ज्यांनी कशातच नाव दिलं नाही, त्यांची आठवण मला आहे. साडेदहाला रस्सीखेच आहे. पाळीपाळीने सगळ्यांना दोर धरायला मिळेल.

जिंकाल, तर उड्या मारा. मीही टाळ्या वाजवीन.

आता सावलीत जा, पाणी प्या. स्पर्धा सुरू झाल्या, असं मी जाहीर करते.’

हे एकशेतीसच्या आसपास शब्द आहेत. यातून मी काय गाळलं तेही सांगते. पाहुण्यांचे आभार, संस्थेचा इतिहास, निरोगी शरीरात निरोगी मन, मोबाइलचे दुष्परिणाम, गेल्या वर्षीचं तालुक्यातलं यश. यातलं काही वाईट नाही. ते दुपारी बक्षीस समारंभात, मुलं मांडवाखाली बसलेली असताना सांगता येतं. पाहुण्यांनाही तेव्हाच बोलवावं. ‘पहिला नंबर येणार नाही’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात कुणी ठेवायला धजत नाही, कारण ते खचवणारं वाटतं. पण मुलांना आपला वेग ठाऊक असतो. रोज मधल्या सुट्टीत ती एकमेकांबरोबर पळतात. मोठं माणूस ते मोकळेपणी बोललं, की पुढचं ‘तरी तुम्ही नाव दिलंत’ खरं वाटतं.

जिंकणाऱ्यांसाठीही एक वाक्य ठेवलं आहे. दोन महिने पहाटे सराव केलेल्या मुलीला जिंकल्याबद्दल ओशाळं वाटू नये.

हे भाषण करायचं तर पुढे ते पाळावं लागतं. प्राचार्यांना खरोखर समाप्तिरेषेपाशी उभं राहावं लागतं. पाहुण्यांबरोबर चहाला गेल्या, तर पहिल्याच फेरीत मुलांना कळतं. रस्सीखेचीची तयारी आदल्या दिवशी हवी: जाड, न फाटलेला दोर, एका बाजूला आठ-दहापेक्षा जास्त मुलं नाहीत, आणि दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही हे प्रत्येक फळीला वेगळं सांगायचं. उत्साहाच्या भरात अख्खा वर्ग एका दोराला लावला आणि दोर तुटला, तर हातांना गंभीर इजा होऊ शकते.

सदतीस जणांना आपलं असं काहीतरी मिळावं म्हणून आणखी एक गोष्ट करता येते. पंधरा दिवस आधी सगळ्यांची शंभर मीटरची वेळ लिहून ठेवायची आणि क्रीडादिनी पुन्हा घ्यायची. ज्याची वेळ सुधारली त्याचं नाव फळ्यावर. मात्र हातातल्या स्टॉपवॉचवर दोन-तीन दशांश सेकंदांची चूक सहज होते. म्हणून अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाला सुधारणा मानू नये, नाहीतर बोट उशिरा दाबल्याचं कौतुक होईल. दोन्ही वेळा घड्याळ त्याच शिक्षकांच्या हातात असलं, तर बरं.

भाषण पोचलं की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. ऊन संपल्याच्या टाळ्याही तशाच जोरात वाजतात. क्रीडाशिक्षकांना प्रत्येक फेरीपुढे एक आकडा लिहायला सांगावं: किती जण निघाले, आणि किती जण रेषेपर्यंत पळत पोचले. मध्येच पट्टा सोडून बाहेर पडणारी मुलं यात लगेच दिसतात. दुसरा आकडा पुढच्या नोव्हेंबरात मिळतो, नावनोंदणीच्या कागदावर. यंदा ज्यांना कुठलंच बक्षीस मिळालं नाही, त्यांच्यापैकी कितीजणांनी पुन्हा नाव दिलं, तेवढं दोन्ही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून मोजायचं.