गोळीला सिरक्याचा वास का येतो?

मोहाडीतल्या नव्या बांधकामाच्या घरांत बेसिनवर आरशाचे प्लास्टिकचे कपाट हमखास दिसते. टूथपेस्ट, कंगवा, दाढीचे सामान आणि त्याच रांगेत अब्बांच्या बी.पी.च्या गोळ्या, दादीची रक्त पातळ ठेवणारी गोळी, मुलाच्या खोकल्याची अर्धी बाटली. जागा सोयीची आहे खरी. सकाळी तोंड धुतले की गोळी हाताशी. पण घरातल्या सगळ्या जागांमध्ये औषधांसाठी सर्वांत वाईट जागा कोणती, असे विचारले तर उत्तर हेच कपाट. चुलीजवळचा फळा दुसरा नंबर घेईल.

कारण साधे आहे. दार बंद करून एकाने गरम पाण्याने आंघोळ केली की खोलीतली हवा वाफेने भरते. आरसा धुरकट होतो ना, ते पाणीच. तीच वाफ आरशामागच्या कपाटातही शिरते आणि हवा निवली की आतल्या बाटल्यांवर, पाकिटांवर बसते. मग दुसऱ्याची आंघोळ, मधे कपडे धुणे, पाच वेळचा वजू. ही जागा दिवसभर पूर्ण कोरडी होतच नाही. पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असते त्या दिवसांत, बाहेरची हवाही ओलीच असते. दार-खिडकी उघडून काही फायदा होत नाही.

उन्हाळ्यात तरी कोरडे असेल, असे वाटते. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि हवा खरोखर कोरडी असते. पण मग आपण कूलर लावतो. कूलर म्हणजे ओल्या ताट्यांतून घरात ओली हवा ढकलणारे यंत्र. त्याच्या झोतासमोरच्या टेबलावर ठेवलेली औषधे भर उन्हाळ्यातही पावसाळ्यात राहतात.

आता दादीची गोळी घेऊ. हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेलेल्या अनेकांना डॉक्टर रोज ॲस्पिरिनची 75 मिलिग्रॅमची लहान गोळी देतात. ॲस्पिरिनच्या रेणूला एक छोटा तुकडा जोडलेला असतो. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांना एकमेकांना चिकटण्यापासून रोखण्याचे काम तोच तुकडा करतो. गोळीत पाण्याचा अंश गेला की हा तुकडा सुटतो आणि त्याचे ॲसिटिक ॲसिड बनते. सिरक्याला जो आंबट वास असतो, तो याच ॲसिडचा. उरतो तो भाग सॅलिसिलिक ॲसिडचा. तो पोटाला झोंबतो, पण गुठळी रोखण्याचे ते खास काम त्याच्याकडून होत नाही.

म्हणजे समजा, जूनमध्ये आणलेल्या गोळ्या सुटसुटीत व्हाव्यात म्हणून सुनेने पत्त्यातून काढून एका डबीत भरल्या आणि डबी बाथरूमच्या कपाटात ठेवली. डबी रोज एकदा उघडते, दर वेळी थोडी ओली हवा आत जाते आणि झाकणाबरोबर आत कोंडली जाते. ऑगस्टमध्ये डबी उघडताच लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येतो. काही गोळ्यांवर सुयांसारखे बारीक चकाकते स्फटिक दिसतात. पत्त्यावर छापलेली मुदत अजून दीड वर्ष दूर आहे. तरीही या गोळ्या टाकूनच द्यायच्या. दादी रोज नेमाने गोळी घेते आहे आणि तिच्यापर्यंत औषध पूर्ण पोचत नाही आहे, हा यातला खरा धोका. गोळी बंद केली असती तर निदान घरच्यांना माहीत तरी असते.

छापलेल्या मुदतीबद्दल इथे एक गोष्ट समजून घ्यावी. ती तारीख मूळ पाकिटात बंद असलेल्या आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधाची असते. "30 अंशांखाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर" हे बारीक अक्षरांतले वाक्य त्या तारखेचा अर्धा भाग आहे. औषध किती टिकते हे पाहण्यासाठी कंपन्या त्याला मुद्दाम 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात आणि ते किती बिघडते हे मोजतात. औषधाला लवकर म्हातारे करण्याची ही कसोटी आहे. आपल्याकडे टिनाच्या छताखाली, कूलर चालू असलेल्या खोलीत, ती फुकटात होते.

कोणत्या गोळीला ओलीची जास्त भीती, हे ओळखायला पाकीट मदत करते. काही पत्त्यांत एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक असते आणि आतली गोळी दिसते. साध्या प्लास्टिकमधून पाण्याची वाफ अगदी हळूहळू का होईना, आत जाते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि गोळी दिसतच नाही. हा पत्ता महाग पडतो. कंपनीने तो खर्च केला आहे, तर बहुतेक वेळा त्या औषधाला ओल किंवा उजेड सोसत नाही. अशा गोळ्या आठवड्याच्या सात खणांच्या डबीत भरून ठेवू नयेत. रमजानमध्ये सेहरीच्या गोळ्या रात्रीच काढून वाटीत ठेवण्याची सवय असते, त्यांतही या गोळ्या पत्त्यातच राहू द्याव्यात आणि घेतानाच फोडाव्यात. बाटलीत आलेल्या गोळ्यांबरोबर पांढरी छोटी पुडी असेल तर ती ओल शोषण्यासाठी असते, ती आतच ठेवावी. कापसाचा बोळा मात्र बाटली उघडल्यावर काढून टाकावा, तो ओल ओढून घेतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी काचेच्या बाटलीत आली असेल तर ती कधीच प्लास्टिकच्या डबीत हलवू नये. तिच्यातले औषध उडून जाते आणि नेमक्या त्या क्षणी कोरी गोळी हाती लागते.

दुकानात चार गोळ्या घेतल्या की पत्ता कात्रीने कापून मिळतो आणि तारखेचा भाग बहुधा दुकानातच राहतो. "भाऊ, तारीख माझ्या तुकड्यावर राहू द्या, नाहीतर लिहून द्या," असे म्हणायला संकोच करू नये. कात्री एखाद्या गोळीच्या घरावरून गेली असेल तर ती गोळी सर्वांत आधी घ्यावी.

मुलांच्या औषधांत जास्त घोटाळा होतो तो कोरड्या सिरपचा. अँटिबायोटिकची बाटली पावडर म्हणून येते, कारण पाण्यात हे औषध टिकत नाही. पाणी घातले त्या क्षणापासून त्याची नवी, फार छोटी मुदत सुरू होते. आधी बाटली आपटून पावडर मोकळी करावी, उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली घालून हलवावे, फेस बसला की खुणेपर्यंत भरावे आणि पुन्हा हलवावे. मग लेबलवर पेनाने तारीख लिहावी. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ही जोडी असेल तर बाटली फ्रीजमध्येच हवी आणि साधारण 7 दिवसांनंतर उरलेले टाकून द्यावे. यातले क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड उष्णतेने फार लवकर संपते. पांढुरके औषध गडद पिवळे किंवा तपकिरी दिसू लागले की खेळ संपला. बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नये, तिथे दर वेळी गरम हवा लागते. बर्फाच्या कप्प्यालाही चिकटवू नये. घरी फ्रीज नसेल किंवा लाईट तासन्‌तास जात असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या एकेक फोडून चमच्यात विरघळवून देता येतात. मागच्या तापातली उरलेली अर्धी बाटली पुढच्या तापाला देणे तर बंदच करावे.

साध्या तापाच्या किंवा खोकल्याच्या सिरपला फ्रीज लागत नाही. उलट थंडीने काहींत स्फटिक धरतात. लेबलवर "थंड जागी" लिहिलेले असेल तर अर्थ फ्रीज नव्हे, साधारण 25 अंशांपर्यंतची जागा. गढूळ औषध तळाशी बसणे स्वाभाविक आहे. हलवल्यावर ते सारखे झाले की ठीक. पण तळाशी थर घट्ट बसला आणि हलवूनही सुटला नाही तर वरचे चमचे पाणचट आणि शेवटचे चमचे फार तीव्र जातात. लहान मुलासाठी हे वाईट. स्वच्छ दिसणारे सिरप गढूळ झाले, झाकण फुगले किंवा उघडताना फुस्स झाले, आंबल्याचा वास आला, तर आत बुरशी किंवा यीस्ट वाढते आहे.

गोळ्या तपासायच्या तर दुपारच्या उजेडात पांढऱ्या ताटलीत एकाच पत्त्यातल्या दोन शेजारी ठेवाव्यात. एक फिकी, डागाळलेली, फुगलेली, भेगाळलेली, बोटाने भुगा होणारी दिसली की दोन्ही संशयित. कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या किंवा मऊ पडल्या तरी तेच. ओ.आर.एस.च्या पाकिटातली पावडर दगडासारखी झाली किंवा तपकिरी पडली तर वापरू नये. पूर्वी त्यात सोडा असे आणि दमट देशांत ती लवकर तपकिरी होई, म्हणूनच 1980 नंतरच्या काळात सोड्याऐवजी सायट्रेट आले. एक मात्र सांगायला हवे: शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीला माशासारखा वास मुळातच येतो. ती त्या कारणाने फेकू नये.

आणि हेही खरे की बहुतेक औषधांचा जोर कमी होताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. थायरॉइडची गोळी कपाटात बिघडली तरी तशीच पांढरी दिसते. कळते ते पुढच्या रक्ततपासणीत आणि मग डोस वाढवला जातो. म्हणून हृदय, थायरॉइड, मिरगी, शुगर यांची औषधे वाफेत किंवा उन्हात महिनोन्‌महिने राहिली असतील तर चांगली दिसली तरी बदलावीत. एक दिवस पिशवीत तापलेल्या पॅरासिटामॉलची तेवढी काळजी करू नये. साधारणतः दिवस-दोन दिवसांच्या उष्णतेपेक्षा महिन्यांची उष्णता आणि ओल गोळीला जास्त मारते. बिघडलेली औषधे नेहमी निकामीच होतात असेही नाही. 1963 मध्ये अमेरिकेत बिघडलेल्या टेट्रासायक्लीनमुळे रुग्णांच्या किडनीला इजा झाल्याची नोंद झाली होती.

मग ठेवावे कुठे? घट्ट झाकणाचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा आतल्या खोलीत, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवला की बरेच काम झाले. फ्रीजच्या वरची जागा गरम असते. छताजवळचा माळा तर टिनाखाली भट्टीच. गरम हवा वर जात असल्याने खालचे कप्पे थंड, पण तिथे मुलांचा हात पोचतो. त्यामुळे घरात मुले असतील तर कमरेच्या उंचीवरचे कपाट आणि त्याला कुलूप, असा मधला मार्ग घ्यावा. खात्री हवी असेल तर साधा थर्मामीटर मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या जागी ठेवून पाहावा.

टाकायची औषधे मोरीत किंवा नाल्यात ओतू नयेत. गोळ्या फोडून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवाव्यात, पिशवीत बांधून घंटागाडीत द्याव्यात आणि बाटलीवरचे लेबल फाडून टाकावे.