बाळाच्या पावडरच्या दुधातले पाणी

डब्यातल्या पावडरपासून बाळाचे दूध तयार करताना पाणी दोन तऱ्हेने चुकू शकते. ते पुरेसे गरम नसले तर जंतू पोटात जातात आणि माप चुकले तर बाळाच्या रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो.

बंद डब्यातली पावडर निर्जंतुक असते, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. तीत क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू थोड्या प्रमाणात असू शकतात. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत, पण तग धरून राहतात आणि कोमट दुधात पडले की झपाट्याने वाढतात. क्रोनोबॅक्टरचा संसर्ग क्वचितच होतो. मात्र दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो झाला, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जीवावर बेतते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या सूचनांप्रमाणे पावडर मिसळताना पाणी 70 अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसावे. काही डब्यांवर मात्र उकळलेले पाणी कोमट करून वापरायला सांगितलेले असते. त्याने पाण्यातले जंतू मरतात, पावडरीतले मरत नाहीत. लहान किंवा अशक्त बाळासाठी कोणती पद्धत वापरायची, हे बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून घ्यावे.

पाणी खळखळून उकळावे, मग गॅस बंद करून झाकून ठेवावे. एक लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरले तर ते साधारणपणे 70 अंशांच्या वर असते. वाटीभर पाणी त्याच्या कितीतरी आधी निवते, त्यामुळे ते बेताचेच थांबून वापरावे. फिल्टरचे किंवा सीलबंद बाटलीतले पाणीही उकळावेच लागते. उकळल्याने विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट किंवा क्षार मात्र जात नाहीत, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. तेच पाणी पुन्हा पुन्हा उकळू नये, ते यासाठी.

बाटलीत आधी मोजून पाणी घ्यावे, नंतर पावडर घालावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. समजा, डब्यावर 30 मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण दिले आहे आणि 120 मिलिलिटर पाण्याचे दूध करायचे आहे. चार चमचे पावडर आधी टाकून मग 120च्या खुणेपर्यंत पाणी भरले, तर पावडरीने व्यापलेल्या जागेमुळे पाणी दहा-बारा मिलिलिटर कमी पडते आणि दूध दाट होते. चमचा त्याच डब्यातला घ्यावा, दाबून न भरता सुरीच्या पाठीने सपाट करावा. प्रत्येक कंपनीचा चमचा आणि प्रमाण वेगळे असते. तयार दुधाची बाटली थंड पाण्यात धरून निववावी, मनगटावर थेंब टाकून पाहावे आणि लगेच पाजावे. दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे.

डबा महाग पडतो म्हणून चार चमच्यांऐवजी तीनच घातले, तर बाळाचे पोट भरलेले दिसते, पण त्याला पाव हिस्सा उष्मांक कमी मिळतात. पाच किलोच्या बाळाने दिवसाला 120 मिलिलिटरचे सहा घोट-वेळा घेतले, तर सुमारे 480 ऐवजी 360 किलोकॅलरी त्याच्या वाट्याला येतात. वजन वाढायचे थांबते. दूध याहून पातळ झाले किंवा उन्हाळ्यात वरून साधे पाणीही पाजले, तर तान्ह्याच्या मूत्रपिंडांना ते जादा पाणी वेळेवर बाहेर टाकता येत नाही. रक्तातले सोडियम उतरते, बाळ सुस्त होते, अंग गार पडते, चेहरा सुजतो आणि शेवटी झटके येतात.

बाळ लवकर धरावे म्हणून जास्त पावडर घातली की उलटे घडते. मूत्र दाट करण्याची तान्ह्याच्या मूत्रपिंडाची ताकद मोठ्या माणसापेक्षा बरीच कमी असते, म्हणून जादा क्षार बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्च होते. बाळ तहानेने रडते, घरचे ती भूक समजून पुन्हा तेच दाट दूध देतात. लघवी कमी आणि गडद होते, शी कडक होते, टाळू खोल जाते, रडणे किरकिरे व तीव्र होते. या अवस्थेत त्वचा कधी कणकेसारखी लिबलिबीत लागते, त्यामुळे शरीर किती सुकले आहे ते वरून नीट कळत नाही.

चूक लक्षात आली तर पुढचे दूध योग्य प्रमाणात करावे. पातळ दुधाची भरपाई जादा पावडरने किंवा मिठाने करू नये, आणि दाट दुधानंतर भरपूर साधे पाणीही पाजू नये, कारण सोडियम एकदम उतरले की मेंदूला सूज येते. सुस्ती, झटके, आटलेली लघवी किंवा खोल गेलेली टाळू दिसली तर तातडीने रुग्णालयात न्यावे आणि किती पाण्यात किती चमचे घातले जात होते, ते डॉक्टरांना सांगावे. डबा आणि चमचाही सोबत न्यावा.