होरा कुंडली : पैसा किती, यापेक्षा तो कोणत्या वाटेने येतो?



दहावीचा निकाल लागला की आमच्या असोद्यात काही पालक मुलाची पत्रिका घेऊन बसतात. हल्ली मोबाईलवर पत्रिका काढली की त्यात "होरा (D-2)" नावाचा एक चौकोन येतो. त्यात सगळे ग्रह फक्त दोनच घरांत कोंबलेले दिसतात आणि माणूस गोंधळतो. कोणीतरी सांगतं, "चंद्राची होरा आहे, याला धंद्यात घाला." म्हणून ही होरा नेमकी काय आहे, कशी काढतात आणि तिच्यावर किती भार टाकावा, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू. पंचांगात दिवसाच्या तासांची होरा असते, म्हणजे आत्ता गुरूची होरा, पुढच्या तासाला मंगळाची. ती मुहूर्तासाठी असते. आपण बोलतोय ती राशीच्या अर्ध्या भागाची होरा. एक रास ३० अंशांची, तिचे दोन भाग केले की १५-१५ अंशांच्या दोन होरा होतात.

नियम सोपा आहे, चौथीचं पोरगंही करेल. मेष ही १, वृषभ २, असे राशींचे क्रमांक धरा. विषम क्रमांकाच्या राशीत पहिले १५ अंश सूर्याचे आणि पुढचे १५ चंद्राचे. सम क्रमांकाच्या राशीत उलट, म्हणजे आधी चंद्र, मग सूर्य. सूर्याची रास सिंह आणि चंद्राची कर्क, म्हणून होरा कुंडलीत ग्रह याच दोन घरांत दिसतात. ॲपची चूक नसते ती.

आता कागदावर बारा राशी ओळीने लिहून होरा भरा. मेषेचा दुसरा भाग चंद्राचा आणि त्याला लागून असलेला वृषभेचा पहिला भागही चंद्राचाच. म्हणजे होरा राशीच्या सीमेवर बदलत नाही, राशीच्या मध्यावर बदलते. सूर्य साधारण १४ जानेवारीला मकरेत येतो. मकर सम रास आहे, म्हणून जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो चंद्राच्या होरेत असतो. तिथून पुढे मकरेचा दुसरा आणि कुंभेचा पहिला भाग मिळून जवळजवळ महिनाभर तो सूर्याच्या होरेत राहतो. त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांच्या सूर्याची होरा एकच.

यातूनच एक पडताळा मिळतो. राहू आणि केतू नेहमी समोरासमोरच्या राशीत, सारख्याच अंशावर असतात. समोरासमोरच्या राशी दोन्ही विषम किंवा दोन्ही सम असतात. म्हणून या पद्धतीत राहू-केतू कायम एकाच होरेत यायला हवेत. एक कर्केत आणि एक सिंहेत दिसला, तर गणितात चूक आहे असं समजा. ग्रह बाराही राशींत पसरलेले दिसले, तर ते ॲप होरेची दुसरी पद्धत वापरतंय. अशा पद्धतींना हे खालचे अर्थ लावू नयेत.

आता अर्थाकडे. परंपरेत सूर्याची होरा म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीने, अधिकाराने, जबाबदारी घेऊन मिळवलेला पैसा. चंद्राची होरा म्हणजे लोकांशी गोडीने वागून, घरच्यांच्या साथीने, देवाणघेवाणीतून येणारा आणि कमीजास्त होणारा पैसा. आपल्याकडचं उदाहरण घ्या. एक तारखेला खात्यावर पडणारा पगार आणि केळीचा घड कापल्यावर भावाप्रमाणे येणारी रक्कम, दोन्ही कमाईच आहे, पण चाल वेगळी. होरा सांगते असं मानतात ते ही चाल. रवी, मंगळ, गुरू हे सूर्याच्या होरेत जास्त फळ देतात, चंद्र, शुक्र, शनी चंद्राच्या होरेत, आणि बुध दोन्हीकडे, असा पाराशरी नियम आहे.

सरावासाठी एक कल्पित पत्रिका घेऊ. लग्न तूळ १३ अंश. तूळ सातवी, विषम, पहिला भाग, म्हणून सूर्याची होरा. धनस्थान म्हणजे लग्नापासून दुसरं घर, इथे वृश्चिक. त्याचा स्वामी मंगळ वृषभेत ११ अंशावर. सम रास, पहिला भाग, म्हणून चंद्राची होरा. लाभस्थान म्हणजे अकरावं घर, सिंह. त्याचा स्वामी रवी मकरेत २२ अंशावर. सम रास, दुसरा भाग, म्हणून सूर्याची होरा.

ज्योतिषी हे असं वाचेल : लग्न आणि लाभाचा स्वामी दोन्ही सूर्याच्या होरेत, म्हणून मिळकत स्वतःच्या कष्टाची, पद किंवा जबाबदारीतून येणारी. पण साठवणुकीचा स्वामी मंगळ परक्या होरेत, म्हणून आलेला पैसा घरच्या गरजांत हलता राहील. लक्षात घ्या, धन आहे की नाही हे मूळ कुंडलीतल्या दुसऱ्या आणि अकराव्या घरावरूनच ठरवलं. होरेने फक्त पद्धत सांगितली. षड्वर्गाच्या २० गुणांच्या हिशोबातही मूळ राशीला ६ गुण आहेत आणि होरेला २. ज्यांनी शास्त्र रचलं त्यांनीच तिला एवढंच वजन दिलंय.

आता अडचण बघा. हे लग्न १३ अंशावर आहे. आपल्या भागात तूळ लग्नाचा एक अंश सरकायला चार मिनिटांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे जन्मवेळ आठ-नऊ मिनिटांनी पुढे गेली की लग्न १५ अंश ओलांडतं आणि होरा चंद्राची होते. घरोघरी जन्मवेळ "सव्वाबारा", "साडेबारा" अशी गोळाबेरीज सांगतात. त्यामुळे लग्न १२ ते १८ अंशांत असेल, तर लग्नाच्या होरेवरून काही बोलूच नये.

आणि शेवटचा, शिक्षक म्हणून महत्त्वाचा मुद्दा. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि कोणती कोणाची हे ज्योतिषांनी ओळखायचं होतं. प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं २७ ज्योतिषांनी पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात. एवढा मोठा फरक जिथे पत्रिकेवरून ओळखता आला नाही, तिथे दोन गुणांच्या होरेवरून मुलाची शाखा कशी ठरवणार?

म्हणून होरा परंपरेचा भाग म्हणून जरूर समजून घ्या. सम-विषम आणि अंशांच्या सरावाला तर ती वर्गातही चालते. पण विज्ञान की वाणिज्य, शिकवायचं की दुकानात बसवायचं, हा प्रश्न आला की पत्रिका कपाटात ठेवा आणि मुलाच्या वह्या उघडा. त्याला काय जमतं आणि काय आवडतं, हे तिथे जन्मवेळेशिवाय दिसतं.