तर्क बरोबर, तरीही निष्कर्ष चूक

४ ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप वर्ष असते. १९०० ला ४ ने भाग जातो. म्हणून १९०० हे लीप वर्ष होते.

यात सहसा कुणाला काही खटकत नाही. नियम शाळेत शिकलेला आहे आणि भागाकार तोंडी होण्यासारखा आहे. तरीही १९०० साली मुंबईत २८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी १ मार्च उजाडला. त्या वर्षी २९ फेब्रुवारी आलीच नाही. मग चूक नेमकी कुठे झाली? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘व्हॅलिड’ आणि ‘साउंड’ हे दोन शब्द येतात आणि पुष्कळ विद्यार्थी ते एकाच अर्थाने वापरू लागतात. या तीन ओळी नीट उलगडल्या की दोहोंतला फरक पुन्हा विसरत नाही.

युक्तिवादात ज्या विधानांच्या आधारावर आपण काही सिद्ध करू पाहतो, ती आधारविधाने, आणि जे सिद्ध करू पाहतो तो निष्कर्ष. वरच्या तीन ओळींत पहिली दोन आधारविधाने आहेत, तिसरा निष्कर्ष. आता आधारविधाने खरी की खोटी हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एवढेच विचारा: ती दोन्ही खरी मानली, तर निष्कर्ष खोटा असू शकेल का? ४ ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष खरोखर लीप असेल आणि १९०० ला ४ ने भाग जात असेल, तर १९०० ला त्यातून सुटका नाही. तिथे निष्कर्ष खोटा असण्याला जागाच उरत नाही. अशा युक्तिवादाला वैध, म्हणजे व्हॅलिड म्हणतात. आपला युक्तिवाद पूर्णपणे वैध आहे, आणि निष्कर्ष चूक निघाला म्हणून त्याची वैधता जात नाही.

बिघाड आहे तो पहिल्या आधारविधानात. ऋतुचक्राची एक फेरी सुमारे ३६५.२४२२ दिवसांची असते. दर ४ वर्षांनी एक दिवस वाढवला की वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस होते, म्हणजे किंचित जास्त. हा किंचितपणा साठत जातो आणि सुमारे १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. म्हणून १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने आणलेल्या पंचांगात नियम बदलला: ज्या वर्षाला १०० ने भाग जातो ते लीप नाही, मात्र ४०० ने भाग जात असेल तर ते लीप. ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी हे पंचांग १७५२ मध्ये स्वीकारले. म्हणजे १९०० साली आपल्याकडे जे पंचांग चालू होते, त्यात ‘४ ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप’ हे विधान खोटे होते.

युक्तिवाद वैध असेल आणि शिवाय त्याची सगळी आधारविधाने खरी असतील, तर तो निर्दोष, म्हणजे साउंड. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. ‘४०० ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप असते, २००० ला ४०० ने भाग जातो, म्हणून २००० हे लीप वर्ष होते’ हा निर्दोष युक्तिवाद आहे, आणि निर्दोष युक्तिवादाचा निष्कर्ष खरा असतोच. किराणा दुकानाच्या बिलात बेरीज अचूक असते, पण साखरेचा भाव चुकीचा लावलेला असतो. वैधता ही त्या बेरजेची तपासणी आहे. बिल द्यावे की नाही हे ठरवायला भावही तपासावे लागतात.

याच उदाहरणात एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. रशियात १९०० साली जुने ज्युलियन पंचांगच चालू होते. तिथे ४ ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीपच असे, आणि तिथल्या लोकांनी २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस खरोखर पाहिला. रशियाने नवे पंचांग घेतले ते १९१८ मध्ये. म्हणजे तेच तीन वाक्यांचे बोलणे आपापल्या पंचांगाबद्दल सेंट पीटर्सबर्गच्या माणसाने केले असते तर ते निर्दोष ठरले असते, मुंबईच्या माणसाने केले असते तर सदोष. वैध मात्र ते दोन्हीकडे होते. वैधता वाक्यांच्या परस्परसंबंधात असते, म्हणून ती गावागावांत बदलत नाही. आधारविधान खरे आहे की नाही, हे बाहेरच्या जगाला विचारावे लागते.

विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतात ते पुढच्या उदाहरणाशी. ‘प्रत्येक लीप वर्षाला ४ ने भाग जातो. २०२४ ला ४ ने भाग जातो. म्हणून २०२४ हे लीप वर्ष होते.’ पहिले विधान खरे, दुसरे खरे, निष्कर्षही खरा. वर्गात हे विचारले की ‘वैध’ असे उत्तर हमखास येते. ते चूक आहे. लीप वर्षांना ४ ने भाग जातो, एवढ्यावरून ४ ने भाग जाणारी सगळी वर्षे लीप ठरत नाहीत. हे दाखवायची पद्धत सोपी आणि खात्रीची आहे: युक्तिवादाचा साचा तसाच ठेवायचा, आतला मजकूर बदलायचा आणि खऱ्या आधारविधानांतून खोटा निष्कर्ष निघतो का ते पाहायचे. इथे फार शोधावेही लागत नाही. २०२४ च्या जागी १९०० घाला. प्रत्येक लीप वर्षाला ४ ने भाग जातो, हे खरे. १९०० ला ४ ने भाग जातो, हेही खरे. म्हणून १९०० हे लीप वर्ष होते, हे खोटे. असे एक प्रतिउदाहरण मिळाले की तो साचा अवैध ठरला, आणि त्यातून २०२४ बद्दल निघालेले खरे उत्तर हा योगायोग ठरला.

हाच साचा कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर रोज ऐकू येतो. ‘परीक्षेला बसू दिलेल्या सगळ्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या वर आहे. माझी ८० टक्के आहे. म्हणजे मला बसू देणार.’ कदाचित देतीलही. पण हजेरी पुरेशी असून परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला असेल, तर हीच दोन्ही विधाने खरी राहून निष्कर्ष खोटा ठरतो. हजेरी ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हे.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण घेऊ. ‘जे नैसर्गिक असते ते शरीराला अपाय करत नाही. हा काढा नैसर्गिक आहे. म्हणून तो अपाय करणार नाही.’ घरोघरच्या मोबाइलवर हा युक्तिवाद वेगवेगळ्या वेषांत फिरत असतो आणि ऐकणाऱ्याला पटतो, कारण तो वैध आहे. विधाने एकमेकांत घट्ट बसली आहेत. पण धोत्रा नैसर्गिक आहे आणि विषारीही आहे. पहिले विधान तिथेच कोसळते. मला वाटते, फसव्या युक्तिवादांतले जास्त धोकादायक युक्तिवाद हेच. सांधे बरोबर जुळले आहेत या समाधानात आपण पाया तपासायला विसरतो.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. युक्तिवाद सदोष ठरला याचा अर्थ निष्कर्ष खोटा ठरला असा नाही. ‘४ ने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप असते, २००० ला ४ ने भाग जातो, म्हणून २००० लीप’ यात पहिले विधान खोटेच आहे, पण निष्कर्ष खरा आहे. काढ्याचेही तसेच. तो निरुपद्रवी असू शकेल. फक्त ते या युक्तिवादाने सिद्ध झालेले नाही. समोरच्याची मांडणी मोडली म्हणजे त्याचे म्हणणे मोडले, असे समजणे ही वादातली नेहमीची घाई आहे.

मग आधारविधाने खोटी असताना वैधता घेऊन करायचे काय, असा प्रश्न पडेल. तिचा मोठा उपयोग उलट दिशेने होतो. वैध युक्तिवादाचा निष्कर्ष खोटा निघाला, तर आधारविधानांपैकी निदान एक तरी खोटे असलेच पाहिजे. १९०० मध्ये २९ फेब्रुवारी नव्हती हे ठाऊक आहे, भागाकारही बरोबर आहे. मग दोष ‘प्रत्येक’ या शब्दावर येऊन थांबतो. नियमाच्या पोटात लपलेली चूक अशी पकडता येते. युक्तिवाद अवैध असेल तर मात्र खोट्या निष्कर्षावरून आधारविधानांबद्दल काहीच कळत नाही.

ही चूक कागदावरचीच आहे असेही नाही. एक्सेल उघडा, एखाद्या चौकटीत 60 हा आकडा टाका आणि त्याला तारखेचे रूप द्या. विंडोजवरच्या नेहमीच्या मांडणीत २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख दिसेल, जी आपल्या पंचांगात कधीच नव्हती. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये १९०० हे लीप वर्ष धरले होते आणि त्याच्या फाइलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही तेच ठेवले. संगणकाचा तर्क तिथे कुठेही घसरलेला नाही. दिलेल्या नियमातून जे निघते तेच त्याने काढले.

आपल्या न्यायपरंपरेत या दोन तपासण्या अशा वेगळ्या काढलेल्या नाहीत. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान करताना ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती खरीच असावी लागते. व्याप्ती खोटी तर अनुमानच सदोष. अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र नैयायिक नाकारतात. त्यासाठी ते लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देतात, कारण तिथे अग्नी आहे पण धूर नाही. धुराच्या नियमाची दिशा उलटवली की तो नियम टिकत नाही, हे तो गोळा दाखवतो. पाश्चात्त्य तर्कशास्त्राने साचा आणि सत्य यांची फारकत केली, आणि त्यामुळे मजकूर न पाहता साचा तपासता येऊ लागला. त्याची किंमत अशी की आधारविधान खरे आहे का, हे तर्कशास्त्र स्वतः सांगू शकत नाही. ते पंचांगकर्त्याला, वैद्याला, कॉलेजच्या कार्यालयाला विचारावे लागते.

म्हणून ‘हा युक्तिवाद तपासा’ असा प्रश्न आला की उत्तर दोन टप्प्यांत लिहा. आधी साचा: आधारविधाने खरी मानून निष्कर्ष खोटा ठरू शकतो का, आणि ठरू शकत असेल तर प्रतिउदाहरण द्या. साचा टिकला तरच दुसरा टप्पा: प्रत्येक आधारविधान खरे आहे का. ‘खरा युक्तिवाद’ किंवा ‘वैध विधान’ असे मात्र लिहू नका. विधान खरे किंवा खोटे असते, युक्तिवाद वैध किंवा अवैध.